पूरपातळीच्या छायाचित्राला पर्यायी मजकूर कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे फोटो फिरू लागतात. कृष्णेचे पाणी कितव्या फुटावर आहे, हे त्या एका फोटोवरून डोळस माणसाला क्षणात कळते आणि घरातले सामान वरच्या मजल्यावर न्यायचे की नाही, हेही तो त्यावरूनच ठरवतो. त्याच सखल गल्लीत राहणाऱ्या अंध वाचकाला मात्र त्या फोटोसोबत लिहिलेल्या मजकुरावर अवलंबून राहावे लागते. तो मजकूर कसा लिहावा, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः पुराच्या फोटोंची घेतली आहेत, कारण मजकूर चुकला तर काय बिघडते हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

पर्यायी मजकूर म्हणजे नेमके काय? तो कोणाला आणि कसा ऐकू येतो?

वेबपानावरील प्रत्येक चित्रासोबत, डोळ्यांना न दिसणारा असा थोडा मजकूर जोडता येतो. त्यालाच पर्यायी मजकूर किंवा ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. अंध व्यक्ती संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉजसारखा, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर वापरते. हा प्रोग्रॅम पानावरील मजकूर ओळीने वाचत जातो आणि चित्र आले की त्या जागी पर्यायी मजकूर बोलतो. एचटीएमएलमध्ये तो असा लिहिला जातो:

```html
<img src="patti.jpg" alt="इथे पर्यायी मजकूर">
```

वर्डप्रेस, फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, वर्ड अशा बहुतेक ठिकाणी यासाठी वेगळा रकाना असतो, त्यामुळे कोडला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. नेटवर्क मंद असल्यामुळे चित्र उतरले नाही, तर डोळस वाचकालाही चित्राच्या जागी हाच मजकूर दिसतो. पुराच्या दिवसांत नेटवर्कची काय अवस्था असते, हे नदीकाठच्या लोकांना सांगायला नको.

रकाना रिकामा सोडला तर काय होते?

इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. `alt` मुळातच लिहिलेला नसेल, तर स्क्रीन रीडरला तिथे चित्र आहे एवढेच कळते. मग काही स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचू लागतात, विशेषतः त्या चित्रावर दुवा असेल तर, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर इंग्रजी अक्षरे व आकडे यांची लांबलचक माळ पडते. याउलट `alt=""` असे मुद्दाम रिकामे ठेवले, तर "हे चित्र केवळ शोभेचे आहे, वगळले तरी चालेल" असा त्याचा अर्थ होतो आणि स्क्रीन रीडर गप्पपणे पुढे जातो.

वर्डप्रेसमध्ये रकाना भरला नाही, तर सहसा दुसरा प्रकार घडतो. म्हणजे पातळी दाखवणारा फोटो शोभेचा ठरतो आणि अंध वाचकाला तिथे काही होते याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा वाईट आहे. फाइलचे नाव ऐकू आले तर निदान काहीतरी हुकल्याचे कळते आणि शेजाऱ्याला विचारता येते.

एका फोटोत कितीतरी गोष्टी असतात. त्यातली महत्त्वाची कोणती हे कसे ठरवावे?

तो फोटो त्या पानावर कशासाठी घातला आहे, यावरून ठरवावे. एक उदाहरण सविस्तर पाहू.

समजा, फोटो असा आहे. आयर्विन पुलाचा एक दगडी खांब आहे आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्यावर काळ्या रंगात फुटांचे आकडे रंगवले आहेत. गढूळ पाणी ४० च्या खुणेच्या थोडेसे खाली टेकले आहे. खांबाला जलपर्णीचा एक झुपका अडकला आहे. वर कठड्याला टेकून दहाबारा माणसे मोबाइलवर चित्रीकरण करत आहेत, त्यांतले काही जण कठड्यावरून बाहेर वाकले आहेत, काहींच्या हातात छत्र्या आहेत, आणि मागे आभाळ भरून आले आहे. हा फोटो "आज सकाळची पाणीपातळी" या बातमीत आहे.

पहिला मजकूर बहुधा "पुराचा फोटो" असा लिहिला जातो. तो खोटा नाही, पण बातमीच्या शीर्षकातून जे आधीच कळले त्यापलीकडे तो काहीही सांगत नाही. तो सुधारायला सांगितले की हमखास दुसरे टोक गाठले जाते: "सांगलीच्या कृष्णा नदीवरील ऐतिहासिक आयर्विन पुलाचे विहंगम दृश्य, पुलावर पूर पाहण्यासाठी जमलेले नागरिक, काहींच्या हातात छत्र्या, आकाशात काळे ढग." हे वर्णन भरपूर आहे आणि छत्र्यासुद्धा सुटलेल्या नाहीत. तरीही ज्या एका आकड्यासाठी फोटो छापला तोच यातून गळला आहे. ऐकणाऱ्याच्या मनात पावसाळी सकाळ उभी राहते, मात्र पाणी ३० फुटांवर आहे की ४०, याचे उत्तर त्याला मिळत नाही.

उपयोगी मजकूर असा होईल: "आयर्विन पुलाच्या खांबावरील पातळीची पट्टी. गढूळ पाणी ४० फुटांच्या खुणेच्या किंचित खाली आहे." यात दोनच वाक्ये आहेत. फोटो कशाचा हे पहिले वाक्य सांगते आणि त्यात काय पाहायचे हे दुसरे. जलपर्णी, छत्र्या आणि ढग मुद्दाम वगळले आहेत, कारण डोळस वाचकही हा फोटो उघडल्यावर त्यांच्याकडे बघत नाही. त्याची नजर सरळ पाण्याच्या रेषेवर जाते.

आता तोच फोटो "धोका असूनही पुलावर बघ्यांची गर्दी" या बातमीत घाला. तिथे मजकूर बदलावा लागेल: "आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून दहाबारा जण मोबाइलवर पुराचे चित्रीकरण करत आहेत. काही जण कठड्यावरून बाहेर वाकले आहेत." इथे पट्टीवरचा आकडा गौण आहे आणि कठड्यावरून वाकणे मुख्य. १९२९ साली बांधून झालेल्या या पुलाच्या बांधकामावरील लेखात हाच फोटो आला, तर दगडी खांबाची घडण आणि कमानीचा आकार यांविषयी लिहावे लागेल. एका फोटोला एकच "बरोबर" मजकूर नसतो.

जे मला माहीत आहे पण फोटोत दिसत नाही, ते पर्यायी मजकुरात लिहावे का?

लिहू नये. ते फोटोखालच्या ओळीत किंवा बातमीत लिहावे. फोटो किती वाजता काढला, हे फोटोत दिसत नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हेही फोटोत दिसत नाही. आणि या दोन्ही गोष्टी डोळस वाचकालाही हव्याच असतात. सकाळी सातचा फोटो दुपारी तीनला हातात पडला तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडतो. अशी माहिती केवळ पर्यायी मजकुरात ठेवली, तर ती फक्त स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मिळेल आणि बाकीच्यांपासून लपून राहील.

म्हणून विभागणी अशी करावी की पर्यायी मजकूर डोळ्यांना दिसणारी गोष्ट सांगेल आणि फोटोखालची ओळ न दिसणारी. वरच्या फोटोखाली "सकाळी ७ वाजता. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट" एवढे लिहिले की अंध वाचकाला दोन्ही मजकूर एकापाठोपाठ ऐकू येतात आणि चित्र पूर्ण होते. फोटोखालची ओळ जशीच्या तशी पर्यायी मजकुरात चिकटवण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण मग तेच वाक्य दोनदा ऐकावे लागते आणि फोटोत काय दिसते हे तरीही कळत नाही.

पट्टीवरचा आकडा नीट वाचता येत नसेल तर?

फोटोतून जेवढे कळते तेवढेच लिहावे: "पाणी ३९ आणि ४० फुटांच्या खुणांच्या दरम्यान आहे." पुराचे पाणी स्थिर नसते. लाटेबरोबर ते वरखाली होते आणि प्रवाहाच्या समोरच्या बाजूला खांबावर आदळून थोडे चढते. दुरून झूम करून काढलेल्या फोटोत इंचांचा अंदाज बांधणे त्यामुळे धोक्याचे असते. डोळस वाचकाला फोटोतला धूसरपणा स्वतःला दिसतो आणि तो मनातल्या मनात दोनचार इंचांची सूट देतो. अंध वाचकाला मात्र लिहिलेला आकडा ठाम वाटतो. धूसरपणा त्याच्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर तो शब्दांतच सांगावा लागतो. जलसंपदा विभागाने जाहीर केलेला नेमका आकडा हाती असेल, तर तो बातमीत द्यावा आणि फोटोत तो स्पष्ट वाचता येतो असा आभास निर्माण करू नये.

फूट आणि इंच कसे लिहावेत?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात इथेच सर्वाधिक घोळ होतात.

पहिला घोळ "३९.६ फूट" असे लिहिण्याचा. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा ३९ फूट ६ इंच असतात, परंतु दशांश धरला तर ३९.६ फूट म्हणजे ३९ फूट आणि सात इंचांहून थोडे अधिक. डोळस वाचक पट्टीकडे पाहून हा फरक मिटवू शकतो. ऐकणाऱ्याला "एकोणचाळीस पॉइंट सहा" एवढेच ऐकू येते.

दुसरा घोळ खुणांचा. फुटासाठी एक आणि इंचासाठी दोन अवतरणचिन्हे वापरण्याची आपली जुनी पद्धत आहे. कोड हाताने लिहिताना ती थेट मजकूर तोडते:

```html
<img src="patti.jpg" alt="पाणी ३९'६" वर, वाढ सुरूच">
```

इंचासाठी घातलेले चिन्ह आणि `alt` बंद करणारे चिन्ह एकच असल्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने मजकूर सहाच्या आकड्यापाशीच संपतो. "वर, वाढ सुरूच" हे शब्द कोणालाच ऐकू येत नाहीत. पान मात्र डोळ्यांना व्यवस्थित दिसते, म्हणून ही चूक महिनोन्महिने तशीच राहू शकते. वर्डप्रेससारख्या साधनांच्या रकान्यात लिहिले, तर ती साधने हे चिन्ह स्वतः सांभाळून घेतात. तरीही "३९ फूट ६ इंच" असे शब्दांत लिहिणेच उत्तम, कारण तुटके चिन्ह आवाजात कसे उच्चारले जाईल याचा भरवसा नसतो. याच कारणासाठी "फू." आणि "इं." ही संक्षिप्त रूपेही टाळावीत.

सुरुवात "… चे छायाचित्र" अशी करावी का?

सहसा नाही. स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ते चित्र आहे हे स्वतःच सांगतो आणि मग मजकूर वाचतो. त्यामुळे "चित्र, आयर्विन पुलाचे छायाचित्र" अशी निष्कारण पुनरुक्ती होते. मात्र चित्राचा प्रकार हाच माहितीचा भाग असेल, तर तो सांगावा. जुन्या पुराचा कृष्णधवल फोटो, ड्रोनमधून घेतलेले दृश्य किंवा उपग्रहाने टिपलेला नदीचा पट्टा यांत दृष्टिकोनच वेगळा असतो आणि तो कळल्याशिवाय पुढचे वर्णन बसत नाही.

मजकूर किती लांब असावा?

पातळीच्या फोटोला एक ते दोन वाक्ये पुरतात. १२५ अक्षरांची मर्यादा असल्याचे अनेक ठिकाणी सांगितले जाते, पण एचटीएमएलमध्ये तशी कोणतीही मर्यादा नाही. एक्सवर ती १००० अक्षरांची आहे, आणि तेवढी जागा एका फोटोसाठी क्वचितच लागते. खरी अडचण अक्षरसंख्येची नसून स्वरूपाची आहे. पर्यायी मजकुरात परिच्छेद नसतात, यादी नसते, तक्ता नसतो आणि दुवाही देता येत नाही. सगळे एका दमात वाचले जाते. म्हणून सर्वांत आवश्यक गोष्ट आधी यावी, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचे नको असल्यास तिथूनच पुढे सरकता येते. तीनचार वाक्यांपेक्षा जास्त सांगण्याजोगे असेल, तर ते बातमीच्या मजकुरात घ्यावे. त्याचा फायदा सर्वच वाचकांना होतो.

वाक्याच्या शेवटी पूर्णविराम अवश्य द्यावा. तिथे आवाज थांबतो. तो नसेल तर फोटोचे वर्णन आणि बातमीचे पुढचे वाक्य एकमेकांत मिसळून जाते.

फोटोत माणसे असतील तर त्यांचे वर्णन कसे करावे?

नाव खात्रीने माहीत असेल आणि बातमी त्या व्यक्तीविषयी असेल, तर नाव द्यावे. नसेल तर ती व्यक्ती काय करत आहे ते सांगावे. बचावकार्याच्या फोटोसाठी "नारिंगी जॅकेट घातलेले दोन जवान रबरी बोटीतून एका वृद्धेला उतरवत आहेत, तिच्या हातात कापडी गाठोडे आहे" हा मजकूर पुरेसा आहे. "हृदयद्रावक दृश्य" किंवा "हतबल आजी" असे लिहू नये. गाठोडे दिसते, हतबलता लिहिणाऱ्याने घातलेली असते. डोळस वाचकाला आपला निष्कर्ष काढण्याची जी मोकळीक आहे, ती अंध वाचकालाही असावी.

जवान कोणत्या दलाचे आहेत हे पाठीवरच्या अक्षरांवरून वाचता आले तरच लिहावे. चेहऱ्यावरून किंवा पोशाखावरून कोणाची जात, धर्म वा गाव ओळखल्याचा आव आणू नये. मराठीत एक अडचण जास्तीची येते. आपले क्रियापद बऱ्याचदा लिंग विचारते, त्यामुळे रेनकोटमध्ये पाठमोरी उभी असलेली आकृती नकळत "तो" होऊन बसते. खात्री नसेल तिथे "व्यक्ती" किंवा "कोणीतरी" वापरून वाक्य फिरवावे.

रंग सांगण्यात काही अर्थ आहे का?

रंगातून माहिती मिळत असेल तर आहे. अनेक अंध व्यक्तींची दृष्टी मोठेपणी गेलेली असते आणि त्यांना रंग आठवतात. जन्मांध व्यक्तींनाही रंगांचे अर्थ माहीत असतात. नकाशाच्या फोटोत लाल रंगवलेला भाग पूरबाधित असेल, तर नुसता "लाल भाग" म्हणून थांबू नये, तर त्या भागातल्या वस्त्यांची नावे द्यावीत. छत्रीचा रंग सोडून द्यावा.

एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवले असतील तर?

पूर चढण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी लावणे ही नेहमीची पद्धत आहे. अशा वेळी दोन्ही मजकुरांत एकच खूण वापरावी, नाहीतर तुलना करता येत नाही. माई घाटाचे दोन फोटो आहेत असे धरू. पहिल्यासाठी: "माई घाट. पायऱ्या खालपर्यंत कोरड्या असून नदी शेवटच्या पायरीच्या खाली आहे." दुसऱ्यासाठी: "माई घाट, त्याच ठिकाणाहून. सर्व पायऱ्या पाण्याखाली असून पाणी घाटावरच्या मंदिराच्या चौथऱ्याला लागले आहे." पहिल्या मजकुरात पायऱ्यांविषयी आणि दुसऱ्यात फक्त मंदिराविषयी लिहिले असते, तर पायऱ्यांचे पुढे काय झाले हे ऐकणाऱ्याला कळले नसते. "त्याच ठिकाणाहून" हे शब्दही आवश्यक आहेत. दोन्ही फोटो एकाच जागेवरून काढले आहेत हे डोळस वाचक चौकटीवरून ओळखतो.

दहाबारा फोटोंचा संच असेल, तर प्रत्येक मजकुरात "सांगलीतील कृष्णेचा पूर" हे शब्द पुन्हा पुन्हा घालू नयेत. ते एकदा शीर्षकात पुरे. प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा वेगळे काय आहे, तेवढे सांगावे.

फोटो दाबला की दुसरे पान उघडते. अशा फोटोला काय लिहावे?

तिथे फोटो बटणाचे काम करतो, त्यामुळे दाबल्यावर काय उघडेल ते लिहावे: "आजची पाणीपातळी पाहा". पट्टीचे वर्णन उघडणाऱ्या पानावर येईलच.

सूचनेच्या कागदाचा किंवा फलकाचा फोटो असेल तर?

सर्वाधिक नुकसान याच फोटोंनी होते. स्थलांतराची सूचना छापली जाते, कोणीतरी तिचा फोटो काढतो आणि तोच सर्वत्र फिरतो. "प्रशासनाची महत्त्वाची सूचना" असा पर्यायी मजकूर म्हणजे बंद लिफाफा हातात देण्यासारखे आहे. सूचना दोन ओळींची असेल, तर ती शब्दशः पर्यायी मजकुरात लिहावी. मोठी असेल, त्यात निवारा केंद्रांची यादी आणि फोन क्रमांक असतील, तर ती पूर्ण पानावर टंकून द्यावी आणि पर्यायी मजकुरात "स्थलांतराची सूचना, पूर्ण मजकूर खाली दिला आहे" एवढे म्हणावे. फोन क्रमांक पानावर मजकूर म्हणून आला की तो कॉपी करता येतो किंवा थेट लावता येतो. पर्यायी मजकुरातला क्रमांक केवळ ऐकून लक्षात ठेवावा लागतो.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना पर्यायी मजकुराचा वेगळा रकाना नसतो. तिथे फोटोसोबतच्या ओळीत वर्णन लिहावे. मात्र पुढे पाठवताना ती ओळ काढून टाकता येते, त्यामुळे सूचना महत्त्वाची असेल तर ती स्वतंत्र संदेश म्हणूनही पाठवावी. फोटोतला मजकूर ओळखून वाचणारी ॲप्स आहेत, पण चुरगळलेल्या कागदावर किंवा हाताने लिहिलेल्या देवनागरीवर त्यांचा नेम चुकतो, आणि फोन क्रमांकात एक आकडा चुकला तरी सगळे फसते.

मजकूर मराठीत लिहिला तर स्क्रीन रीडर तो नीट वाचतो का?

वाचतो, पण दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात आणि अँड्रॉइडच्या गूगल आवाजात मराठी आहे. तो आवाज वापरणाऱ्याने निवडलेला असतो, तिथे आपले काही चालत नाही. आपल्या हाती असते ते पानाची भाषा सांगणे:

```html
<html lang="mr">
```

पर्यायी मजकुराला वेगळी भाषा सांगता येत नाही, तो आपल्या चित्राची किंवा पानाची भाषा घेतो. अनेक मराठी पाने तयार साच्यावर बनवलेली असतात आणि साच्यात `en` तसेच राहिलेले असते. मग इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर अडखळत वाचतो, किंवा तो गाळून पुढे जातो. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिण्याचीही चूक करू नये. "pani vadhat aahe" हे डोळ्यांना समजते, परंतु इंग्रजी उच्चारांत ऐकताना ते ओळखू येत नाही.

लिहिलेला मजकूर उपयोगी आहे की नाही, हे कसे तपासावे?

एनव्हीडीए विंडोजसाठी मोफत मिळतो. तो सुरू करून डोळे मिटावेत आणि पान ऐकावे. ब्राउझरमध्ये `G` दाबले की एका चित्रावरून थेट पुढच्या चित्रावर जाता येते आणि `alt=""` असलेले चित्र वगळले जाते, त्यामुळे जो फोटो ऐकूच आला नाही तो मुका आहे हे कळते. तेवढा वेळ नसेल तर दुसरा मार्ग असा: नदीपासून दूर असलेल्या नातेवाइकाला तो मजकूर फोनवर वाचून दाखवावा आणि पुढे काहीच बोलू नये. त्याने "पण पाणी आलंय कुठवर?" असे विचारले, तर मजकुरात तीच गोष्ट राहून गेली आहे.

मात्र या तपासणीलाही मर्यादा आहे. फोटो आपण आधी पाहिलेला असतो, त्यामुळे मजकुरातली पोकळी आपले मन आपोआप भरून काढते. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या वाचकाला एकदा तरी विचारावे आणि "वर्णन आवडले का?" असे विचारण्याऐवजी "पाणी कितीवर आहे असे तुम्हाला वाटले?" असे विचारावे. उत्तरात आकडा आला पाहिजे.

मागच्या पुराचा फोटो पुन्हा वापरायचा असेल तर?

आधी संग्रहातला जुना मजकूर वाचावा. फोटोसोबत मागच्या वेळी लिहिलेला पर्यायी मजकूर वर्डप्रेसच्या संग्रहात तसाच असतो आणि फोटो नव्या बातमीत घातला की तो मुकाट्याने बरोबर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या वेळचा फोटो यंदाच्या पावसाळ्यात "पूर्वतयारीची बैठक" या बातमीला लावला आणि मजकूर "पाणी ५७ फुटांच्या खुणेवर आहे" असाच राहिला, तर डोळस वाचकाला फोटो जुना असल्याची निदान शंका येईल. अंध वाचकाला ते आजचे पाणी वाटेल. अशा वेळी वर्ष फोटोखालच्या ओळीतही असावे आणि पर्यायी मजकुराच्या सुरुवातीलाही: "२०१९ च्या पुरातील आयर्विन पूल." न दिसणारी गोष्ट पर्यायी मजकुरात घालू नये, या वरच्या नियमाला मी हा एकच अपवाद मानतो.

उलट दिशेनेही लक्ष ठेवावे लागते. संग्रहातला मजकूर आज दुरुस्त केला, तरी आधी प्रसिद्ध झालेल्या बातम्यांत तो बहुधा बदलत नाही, कारण फोटो घालताना मजकुराची प्रत त्या बातमीत उतरलेली असते. चुकीचा आकडा गेला असेल, तर ती बातमी उघडून तिथल्या फोटोचा मजकूर वेगळा दुरुस्त करावा आणि पान पुन्हा एकदा ऐकून पाहावे.